चॅटबॉट फिरून फिरून तीच नावे सुचवतो तेव्हा: लक्षणे, तपासण्या आणि थांबण्याची वेळ

एखाद्या गटाला नाव हवे असते, कार्यक्रमाला घोषवाक्य हवे असते किंवा उद्याच्या तासासाठी उपक्रम हवा असतो. चॅटबॉट अर्ध्या मिनिटात वीस पर्याय देतो आणि ते वाचल्यावर हाती काहीच लागले नाही असे वाटते. ही तक्रार घेऊन सहकारी माझ्याकडे इतक्या वेळा आले आहेत की दुरुस्तीचा क्रम आता ठरून गेला आहे. तो पुढे देत आहे. सोपी आणि फुकट तपासणी आधी, कष्टाची नंतर. बहुतेक प्रकरणे चौथ्या तपासणीच्या पुढे जात नाहीत.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे नावे वेगळी दिसतात, पण त्यांची घडण एकच असते. मुलांच्या वाचनगटासाठी नाव मागितले की ज्ञानदीप, शब्दसखा, वाचनवेल, अक्षरबाग, पुस्तकमित्र अशी रांग लागते. पहिले पद ज्ञान, अक्षर, शब्द, वाचन किंवा पुस्तक यांपैकी एक आणि दुसरे पद दिवा, वेल, बाग, मित्र यांपैकी एक, एवढाच हा साचा आहे. तो कागदावर दोन स्तंभांत मांडला तर चॅटबॉटशिवायही अशी वीस नावे कोणालाही जुळवता येतील.

दुसरे लक्षण म्हणजे 'आणखी वीस द्या' म्हटल्यावर समानार्थी शब्द येऊ लागतात. ज्ञानदीपचे ज्ञानज्योत होते, वाचनवेलची अक्षरवेल होते. तिसरे लक्षण उशिरा कळते: एकमेकांशी न बोलता काम करणाऱ्या दोन व्यक्ती एकाच नावावर येऊन पोहोचतात आणि दोघांनाही ते स्वतःचे वाटत असते. घोषवाक्यांत हाच दोष यमकाच्या रूपाने दिसतो. प्रत्येक ओळ दोन समान तुकड्यांची असते आणि दुसऱ्या तुकड्यात 'भविष्य' किंवा 'प्रगती' हमखास येते.

वर्गातील उपक्रमांसाठी मी एक वेगळी खूण वापरतो. सुचवलेल्या उपक्रमातून धड्याचे नाव काढावे आणि तिथे भलत्याच धड्याचे नाव घालावे. वाक्य जसेच्या तसे चालत असेल, तर तो उपक्रम त्या धड्याचा नाही. 'विद्यार्थ्यांचे गट करून पोस्टर तयार करून घ्यावे आणि सादरीकरण घ्यावे' हे बाष्पीभवनालाही चालते आणि विरामचिन्हांनाही.

तपासणी 1: नावे मोजू नका, ढीग मोजा

याला पाच मिनिटे आणि एक कागद लागतो. मिळालेली नावे मागच्या कल्पनेनुसार ढिगांत लावावीत आणि ढीग मोजावेत. वर सांगितलेल्या वाचनगटाच्या प्रकरणात पहिल्या फेरीत 20 नावे आली होती. ती लावली तेव्हा प्रकाश, पाणी, झाडे, मैत्री आणि 'पुस्तकांचे जग' असे पाचच ढीग झाले. म्हणजे हाती वीस कल्पना नव्हत्या, पाच होत्या, आणि त्या पाचही कोणत्याही वाचनालयाच्या पाटीवर शोभल्या असत्या.

ही तपासणी पहिली ठेवण्याचे कारण असे की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचा उपयोग झाला की नाही हे तिच्याशिवाय कळत नाही. नावांची संख्या चॅटबॉट हवी तितकी वाढवू शकतो आणि वाढलेल्या संख्येने आपण फसतो. ढिगांची संख्या वाढली तरच काही सुधारले. ढीग पुरेसे असतील आणि तरीही नावे आवडत नसतील, तर मात्र दोष निराळा आहे: आपल्याला काय हवे आहे हेच अजून ठरलेले नाही, आणि त्यावर चॅटबॉटकडे इलाज नाही.

तपासणी 2: नवा चॅट उघडा, मेमरी पाहा

चॅटबॉट उत्तर लिहिताना त्या संवादातील आधीचा सगळा मजकूर विचारात घेतो. आपण नाकारलेली नावेही त्यात असतात. त्यामुळे चाळीस नावे नाकारून झाल्यावर 'आता काहीतरी वेगळे दे' म्हणणे म्हणजे त्याच चाळीस नावांच्या सावलीत नवे नाव मागणे होय. नवा चॅट उघडावा आणि जुन्या चॅटमधील काहीही तिथे चिकटवू नये.

काही चॅटबॉटना मागील संवादांची आठवण ठेवण्याची सोय असते. ती सुरू असेल तर नवा चॅटही पूर्णपणे कोरा नसतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ती तेवढ्यापुरती बंद करावी किंवा तात्पुरत्या चॅटची सोय असल्यास ती वापरावी. या तपासणीने एकटीने क्वचितच काम होते. परंतु ती टाळली तर पुढच्या तपासण्यांचे निकाल गढूळ होतात.

तपासणी 3: सूचनेत विशेषणे किती आणि वस्तुस्थिती किती?

इथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक वेळा मूळ बिघाड इथेच असतो. भाषेचे मॉडेल पुढचा शब्द, किंबहुना शब्दाचा पुढचा तुकडा, संभाव्यतेनुसार निवडते. प्रशिक्षणाच्या मजकुरात अशा प्रश्नानंतर जे सर्वाधिक वेळा आले, तेच सर्वाधिक संभाव्य ठरते. नंतरच्या टप्प्यात माणसांच्या पसंतीनुसार मॉडेलला वळण लावले जाते, आणि माणसे साधारणपणे ओळखीचे, गुळगुळीत उत्तर पसंत करतात, त्यामुळे ही ओढ आणखी वाढते. 'मुलांच्या वाचनगटासाठी आकर्षक, सर्जनशील आणि अनोखे नाव सुचव' या सूचनेत गटाबद्दल 'मुले' आणि 'वाचन' एवढीच माहिती आहे. उरलेली विशेषणे हजारो जणांनी याच प्रश्नात वापरलेली आहेत, आणि 'सर्जनशील नाव' म्हटल्यावर जे ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येते, त्याच चित्राकडे ती मॉडेलला ढकलतात. 'अनोखे' हा शब्द वाढवून उत्तर अनोखे होत नाही, याचे कारण हेच आहे.

वाचनगट चालवणाऱ्या ग्रंथपाल बाईंना मी विशेषणे काढून त्यांच्या जागी फक्त त्यांच्या गटात खरे ठरणारे तपशील लिहायला सांगितले. त्यांनी पुढील सूचना लिहिली: 'गटात 9 ते 12 वर्षांची 14 मुले आहेत. पुस्तक अर्धे सोडण्याची परवानगी आहे, फक्त का सोडले ते एका वाक्यात सांगावे लागते. खुणेची पट्टी कोणीच वापरत नाही, सगळे पानाचा कोपरा दुमडतात आणि त्यावरून भांडतात. एक मुलगी नेहमी शेवटचे पान आधी वाचते. मोठ्याने वाचताना वाचणारा थांबला की सगळे एकदम "पुढं काय झालं?" विचारतात. या गटाला नाव सुचव.'

या सूचनेवर आलेल्या वीस नावांत नऊ ढीग झाले. त्यांत 'दुमडलेला कोपरा', 'अर्ध्यावरून पुढे', 'शेवटचं पान आधी' अशी नावे होती. ती सगळी चांगली नव्हती, पण ती दुसऱ्या कोणत्याही गटाची असू शकत नव्हती. चॅटबॉटने काही निर्माण केले यापेक्षा त्याला काहीतरी पुरवले गेले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

तपशील किती द्यावेत? माझ्या अनुभवात चार ते सहा पुरतात. पंधरा दिले तर मॉडेल सगळ्यांना थोडे थोडे न्याय देणारी, कशालाच न भिडणारी नावे काढू लागते. आणखी एक सावधगिरी म्हणजे मुलांची खरी नावे आणि ओळख पटेल अशी माहिती सूचनेत घालू नये. 'एक मुलगी' एवढे पुरते.

तपासणी 4: आधी दिशा मागा, नावे नंतर

एकाच उत्तरात वीस नावे मागितली की पहिली दोन-तीन नावे पुढच्या नावांचा साचा ठरवतात, कारण अकरावे नाव लिहिताना आधीची दहा नावे मॉडेलच्या समोर असतात. पहिले नाव 'अक्षरबाग' आले की पुढे वेली आणि अंकुर उगवणारच. म्हणून काम दोन टप्प्यांत तोडावे. पहिल्या टप्प्यात नाव न देता केवळ दिशा मागाव्यात: 'नाव ज्यावर बेतता येईल अशा बारा परस्परभिन्न दिशा लिही. प्रत्येक दिशा एका वाक्यात. कोणतेही नाव अजून सुचवू नकोस.' त्या बारांतून सारख्या दिशा आपण हाताने खोडाव्यात, आणि उरलेल्या प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र नव्या चॅटमध्ये तीन-तीन नावे मागावीत. स्वतंत्र चॅट उघडण्याचा कंटाळा येतो, पण एका दिशेचे पाणी दुसरीत शिरू नये म्हणून तेच आवश्यक आहे.

काम टप्प्यांत तोडण्याचा फायदा मोजलाही गेला आहे. लेनार्ट माइंके, एथन मॉलिक आणि ख्रिस्तियान टर्विश यांनी 2024 मध्ये विद्यार्थ्यांसाठीच्या नव्या वस्तूंच्या कल्पना चॅटबॉटकडून वेगवेगळ्या सूचनांनी मागवल्या. आधी छोटी यादी, मग त्या कल्पना अधिक धाडसी आणि एकमेकींपासून वेगळ्या करणे, अशा टप्प्यांनी मागवलेल्या कल्पनांत सर्वाधिक विविधता आढळली. त्याच वर्षी अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा छोट्या गोष्टींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चॅटबॉटच्या कल्पना घेऊन लिहिलेल्या गोष्टी सुट्या वाचल्या तेव्हा वाचकांना अधिक सर्जनशील वाटल्या, परंतु एकत्र ठेवल्यावर त्या परस्परांशी अधिक मिळत्याजुळत्या निघाल्या. आपले नाव आपल्याला छान वाटते आणि शेजारच्या गटाचेही तसेच असते, या तिसऱ्या लक्षणाचे मूळ तिथे आहे.

ग्रंथपाल बाईंच्या बारा दिशांतून तीन खोडल्या गेल्या. उरलेल्या नऊंपैकी एक दिशा 'ऐकणाऱ्याची उतावीळ' अशी होती. तिच्यातून 'पुढं काय झालं?' हेच, मुलांच्या तोंडचे वाक्य जसेच्या तसे नाव म्हणून आले. बाईंनी ते सूचनेत स्वतःच लिहिले होते, आणि तरीही ते नाव होऊ शकते हे दिशा मांडल्यावरच त्यांना दिसले.

तपासणी 5: बंदी शब्दांवर घालता की घडणीवर?

'ज्ञान आणि दीप हे शब्द नकोत' असे सांगितले की ज्योत येते. शिवाय नको म्हणून लिहिलेला शब्दही सूचनेचा भाग होतो आणि त्याच्या आसपासचे शब्द ओढून आणतो. त्याऐवजी घडणीवर बंदी घालावी: 'दोन नामे जोडून केलेला समास नको. नाव प्रश्न, आज्ञा किंवा अर्धवट वाक्य असावे.' घोषवाक्यांसाठी 'यमक नको, दोन समतोल भाग नकोत, क्रियापद भूतकाळी असावे' अशी अट मी नेहमी देतो. भूतकाळाची अट विचित्र वाटेल, पण भविष्यकाळ हिसकावून घेतला की उज्ज्वल भवितव्याची सगळी वचने आपोआप गळून पडतात.

मराठीत नावे मागताना एक वेगळी अडचण येते. मॉडेलच्या प्रशिक्षणात मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा असतो, आणि जो असतो त्यात औपचारिक, संस्कृतप्रचुर भाषा बरीच. म्हणून 'तत्सम शब्द टाळ, घरात बोलतात तसे शब्द वापर' ही अट उपयोगी पडते. तरीही आलेले नाव मोठ्याने म्हणून पाहावे. हिंदी वळणाचे किंवा इंग्रजीतून उचललेले नाव कागदावर निसटते, कानाला मात्र लगेच खटकते.

तपासणी 6: योगायोग बाहेरून आणा

पाच तपासण्यांनंतरही ढीग वाढत नसतील तर फासा घ्यावा, खराखुरा. मॉडेलला 'यादृच्छिक निवड कर' असे सांगून भागत नाही. त्याला 1 ते 100 मधला कोणताही आकडा निवडायला सांगितला तरी 42 किंवा 73 यांसारखे ठरावीक आकडे पुन्हा पुन्हा येतात. यादृच्छिक वाटणारा आकडाही ते संभाव्यतेनेच निवडते.

पद्धत अशी आहे. एका कागदावर तीन स्तंभ करावेत आणि प्रत्येकात सहा नोंदी लिहाव्यात. पहिल्या स्तंभात कोण बोलते आहे ते येईल: वाचणारा, ऐकणारा, पुस्तक, कपाट, ज्याला वाचायचा कंटाळा आहे तो, ज्याने पुस्तक परत केले नाही तो. दुसऱ्यात क्षण येईल: पुस्तक उघडण्यापूर्वीचा, अर्ध्यावरचा, संपल्यानंतरचा, याप्रमाणे. तिसऱ्यात वाक्याचा प्रकार येईल: प्रश्न, आज्ञा, तक्रार, कबुली, निरोप, सबब. फासा तीनदा टाकावा आणि जे संयोजन येईल तेवढ्यावरच तीन नावे मागावीत. एकूण 216 संयोजने होतात, आठ-दहा पुरतात. स्तंभांत मांडून संयोजने शोधण्याची ही रीत खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांच्या मांडणीतून आली आहे, आणि चॅटबॉटच्या बाबतीत ती चालते याचे कारण साधे आहे. 'कपाट, संपल्यानंतर, तक्रार' हे संयोजन कोणत्याही ठरावीक उत्तराशी जोडलेले नसते, त्यामुळे मॉडेलला घसरायला ओळखीची उतरण मिळत नाही.

तपासणी 7: `temperature` आणि दुसरे मॉडेल

`temperature` म्हणजे पुढचा तुकडा निवडताना मॉडेलला किती मोकळीक द्यायची ते ठरवणारा आकडा. तो बदलण्याची सोय नेहमीच्या चॅटच्या पडद्यावर सहसा नसते. प्रोग्रामरसाठी असलेल्या पडद्यावर काही मॉडेलमध्ये ती मिळते. आकडा वाढवला की कमी संभाव्य तुकड्यांना अधिक संधी मिळते. सूचना पोकळ असेल तर याने पोकळपणाचेच अधिक प्रकार मिळतात, म्हणून ही तपासणी मी शेवटी ठेवतो. 1 च्या बरेच वर गेल्यास मराठी शब्द मोडू लागतात, मात्रा चुकतात, मधेच दुसरी लिपी डोकावते. तसे दिसताच आकडा खाली आणावा. दुसऱ्या कंपनीचे मॉडेल वापरून पाहायला हरकत नाही, मात्र मोठ्या फरकाची अपेक्षा ठेवू नये, कारण त्यांच्या प्रशिक्षणाचा मजकूर बऱ्याच अंशी सारखा असतो.

वर्गातील उपक्रमांसाठी वेगळी वाट

उपक्रमांच्या बाबतीत तिसऱ्या तपासणीचे रूप बदलते. तिथे सर्वांत उपयोगी तपशील म्हणजे मुले नेमकी कोणती चूक करतात तो. 'अपूर्णांकांवर मजेदार उपक्रम सुचव' या सूचनेवर गोल वस्तूचे समान तुकडे आणि प्रश्नमंजूषा हेच येणार. एका शिक्षकांनी त्याऐवजी असे लिहिले: 'मुले 1/8 हा 1/6 पेक्षा मोठा समजतात, कारण 8 हा 6 पेक्षा मोठा आहे. वर्गात 38 मुले आहेत, बाके हलवता येत नाहीत, कात्री नाही, वेळ 15 मिनिटे. ही चूक मुलाला स्वतःला दिसेल, पण शिक्षकाने सांगावी लागणार नाही, अशा सहा परिस्थिती सुचव. पोस्टर, प्रश्नमंजूषा आणि नाट्यीकरण नको.'

आलेल्या सहांपैकी दोन निरुपयोगी होत्या आणि एकीत गणितच चुकले होते. एक मात्र त्यांनी उचलली. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या शेजारी बसलेल्या दोन मुलांना द्यायच्या. एकाने पट्टीचे सहा समान भाग घड्या घालून करायचे, दुसऱ्याने आठ. घडी घालण्यापूर्वी कोणाचा भाग लांब येईल ते दोघांनी लिहून ठेवायचे आणि मग घड्या शेजारी शेजारी धरायच्या. शिक्षकांनी त्यात स्वतःची दुरुस्ती केली. सहा समान घड्या मुलांना जमत नाहीत हे त्यांना ठाऊक होते, म्हणून सहा भागांच्या पट्टीवर त्यांनी आधीच बारीक खुणा करून दिल्या. आठ भाग तीनदा अर्धे दुमडून सहज होतात. ही दुरुस्ती चॅटबॉटने सुचवली नव्हती. वर्गात उभे राहिल्याशिवाय ती सुचणारही नव्हती.

कधी थांबावे आणि कोणाकडे जावे

सहाव्या तपासणीनंतर सलग तीन फेऱ्यांत एकही नवा ढीग पडला नाही, तर चॅटबॉट बंद करावा. ज्यांच्यासाठी नाव हवे आहे त्यांतील चार-पाच जणांना एकत्र बसवून प्रत्येकाला आधी एकट्याने लिहू द्यावे आणि मगच कागद एकत्र करावेत. आधी चर्चा केली तर पहिला बोलणारा तेच करतो, जे यादीतले पहिले नाव करते.

नाव व्यवसायासाठी किंवा विकल्या जाणाऱ्या वस्तूसाठी असेल, तर दोन-तीन नावे निवडल्यावर, पाटी रंगवण्याआधी, व्यापारचिन्हांचे काम करणाऱ्या वकिलाकडे जावे. 'हे नाव कोणी घेतले आहे का?' या प्रश्नाला चॅटबॉटने दिलेले उत्तर ग्राह्य धरू नये. त्याच्यासमोर नोंदवही असतेच असे नाही, आणि नसली तरी तो ठामपणे उत्तर देतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वस्तू आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत. आपला वर्ग कोणता आणि उच्चाराने जवळचे नाव त्यात आधीच आहे का, हे ठरवणे जाणकाराचे काम आहे. नाव दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातही वापरायचे असेल, तर ती भाषा लहानपणापासून बोलणाऱ्या व्यक्तीला ते ऐकवावे.

उपक्रमात ज्योत, रसायने, वीज, उंची किंवा धारदार वस्तू येत असतील, तर तो अनुभवी विज्ञानशिक्षकाने तपासून स्वतः करून पाहिल्याशिवाय मुलांपुढे नेऊ नये, कारण वेगळेपणा मागितला की मॉडेल नेहमीच्या सुरक्षित वाटेवरून दूर जाते आणि त्या दूरच्या वाटेवरील प्रमाणे चुकण्याची शक्यता वाढते. वर्गात विशेष गरजा असलेले मूल असेल, तर त्याच्यासाठी करायचा बदल विशेष शिक्षकाला विचारूनच ठरवावा. त्या मुलाविषयीचा अहवाल चॅटबॉटमध्ये चिकटवू नये.